पॉडकास्टच्या क्लिप्स करून द्यायचं काम: क्लिपचा रेट आणि डिलिव्हरीची वेळ कशी ठरवायची

प्रश्न: दादा, मी देवगड साईडचा, एडिटिंग येतं, गावातल्या दोन-तीन हॉटेलांच्या रील्स केल्यात. आता लाँग व्हिडिओ आणि पॉडकास्टमधून शॉर्ट्स काढून द्यायचं काम घ्यायचंय. क्लायंट कुठून मिळतात, एका क्लिपचे किती सांगू आणि किती वेळात देतो म्हणून सांगू? एक जण १५० रुपये क्लिप म्हणतोय, घेऊ का?

उत्तर:

१५० ला घेऊ नकोस, निदान तो म्हणतोय तसं सरसकट तरी नको. का ते सविस्तर लिहितो कारण या कामात रेट चुकतो तो नेहमी एकाच जागी चुकतो, आपण कापण्याचे पैसे लावतो आणि बघण्याचे लावायचे विसरतो.

एक खरंखुरं वाटेल असं उदाहरण घेऊ, आपल्याकडचंच. पुण्याचा एक क्रिएटर आहे, शेती आणि छोट्या धंद्यांवर मराठी पॉडकास्ट करतो, आठवड्याला एक एपिसोड. या वेळी पाहुणे आहेत हापूसचे बागायतदार, एपिसोड १ तास ४० मिनिटांचा, त्याला ८ क्लिप्स हव्यात, उभ्या, म्हणजे १०८० बाय १९२०, मराठी कॅप्शनसकट. आता तुझा वेळ मोज. फाईल उतरवणं आणि तपासणं अर्धा तास. पूर्ण एपिसोड थांबत थांबत, वेळा लिहीत बघणं २ तास (थोडा स्पीड वाढवून बघितलास तरी मागे-पुढे करण्यात तेवढे जातातच). एका क्लिपचं कापणं, क्रॉप, कॅप्शन, आवाज हे सगळं धरून ५० मिनिटं, म्हणजे ८ क्लिप्सचे साधारण पावणेसात तास. करेक्शनचा एक तास, अपलोड आणि मेसेजमेसेजीचा अर्धा. झाले जवळजवळ ११ तास. १५० नी ८ क्लिप्सचे १२०० होतात, म्हणजे तासाला जेमतेम ११० रुपये, त्यातून लाईट बिल, नेट आणि लॅपटॉपची झीज.

पण खरी गोम पुढे आहे. समज तू ३५० रेट लावलास, ८ क्लिप्सचे २८००, तासाला अडीचशे पडले, ठीक वाटतंय. पुढच्या आठवड्यात तोच क्लायंट म्हणतो या एपिसोडला तीनच क्लिप्स दे. तुला एपिसोड तर पूर्णच बघावा लागणार ना, तीन चांगल्या जागा शोधायला पण १ तास ४० मिनिटं बघावीच लागतात. मग सगळे मिळून ६ तास जातात आणि हातात येतात १०५०, तासाला १७५. रेट तोच, मेहनत क्लिपमागे जास्त, पैसे कमी.

म्हणून मी रेट दोन तुकड्यांत सांगतो. एपिसोड बघून जागा निवडण्याचे ७०० (साधारण दोन तासांपर्यंतच्या एपिसोडला, त्याच्यापेक्षा मोठा असेल तर जास्त) आणि पुढे प्रत्येक क्लिपचे २७५. वरच्या उदाहरणात ८ क्लिप्सचे २९०० होतात आणि तीनच घेतल्या तर १५२५, दोन्ही वेळा तुला तासाला अडीचशेच्या आसपास पडतात. क्लिप्स कमी-जास्त झाल्या तरी आपलं नुकसान नाही आणि क्लायंटलाही कळतं की जास्त क्लिप्स घेतल्या की त्याला प्रत्येक क्लिप स्वस्त पडते. हे आकडे माझ्या हिशोबाचे आहेत, साध्या कॅप्शनवाल्या क्लिपचे, तू सुरुवातीला ५०० आणि २०० लाव हवं तर, पण दोन तुकडे ठेव. काही जणांना असला हिशोब आवडत नाही, ते म्हणतात मला एका क्लिपचा सरळ रेट सांग. त्यांना ४०० सांग आणि एका एपिसोडच्या कमीत कमी ६ क्लिप्स घ्याव्या लागतील असं सांग. ते ४०० असेच आलेत, ७०० सहा क्लिप्समध्ये वाटून वर २७५.

क्लिपमध्ये हलती अक्षरं, मध्ये मध्ये फोटो, ग्राफिक्स, आवाजाचे इफेक्ट असलं काही हवं असेल तर त्याचा रेट वेगळा, कारण ५० मिनिटांचे दोन तास कधी होतात कळत नाही. क्लायंट ज्या चॅनेलची लिंक पाठवून "अस्सं पायजे" म्हणतो ती लिंक रेट सांगायच्या आधी मागून घे.

आता बघण्याला मी एवढं महत्त्व का देतो ते. कापता सगळ्यांनाच येतं. या बागायतदारांच्या एपिसोडमध्ये साक्याचा विषय निघतो. होस्ट विचारतो, "साका म्हणजे नेमकं काय असतं?" आणि पाहुणे सुरू करतात, "म्हणजे आता कसं आहे बघा, आमच्याकडे पूर्वी काय व्हायचं…" आणि वीस सेकंद पूर्वीचं सांगत बसतात. मग म्हणतात, "बाहेरून बघाल तर आंबा एकदम टकाटक. रंग आहे, वास आहे. सुरी लावली की आत पांढरा, स्पंजासारखा, खायच्या लायकीचा नाही. आणि गिऱ्हाईक फोन कुणाला करतं? मला." क्लिप इथून सुरू होते, "बाहेरून बघाल तर" पासून. होस्टचा प्रश्न नको, पूर्वीचं नको. पहिल्या दोन-तीन सेकंदांत अंगठा थांबला पाहिजे आणि टकाटक आंबा आतून खराब हे ऐकून थांबतो.

पण इथे सुरू करून संपवायची कुठे? पाहुणे यानंतर मुलाच्या शिक्षणावर जातात, मग मार्केटवर, आणि पावणेदोन मिनिटांनी परत येऊन सांगतात की झाडावरून आंबा कधी उतरवायचा, उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर का ठेवायचा नाही. ते उत्तर. ते आलं नाही तर क्लिप लटकते, लोक कमेंटमध्ये विचारतात पुढे काय. मग मधला मुलाचा आणि मार्केटचा भाग काढायचा, दोन तुकडे जोडायचे, जोडावर कॅमेरा अँगल बदलायचा म्हणजे उडी दिसत नाही, आणि ५० सेकंदांची पूर्ण गोष्ट तयार होते. ही जोडणी फक्त ज्याने अख्खा एपिसोड बघितलाय त्यालाच सुचते, कारण उत्तर दुसरीकडेच पडलेलं असतं. वाक्य कापताना शेवट पूर्ण ऐकून काप, आपलं क्रियापद शेवटी येतं, "नाही" शेवटी येतं, अर्धा सेकंद आधी कापलंस तर कधी कधी अर्थच उलटा होतो.

आणि याच्यावरून एक गोष्ट जी मी प्रत्येक नवीन पोराला सांगतो. समजा हेच पाहुणे म्हणाले, "दलाल पेटीमागे खूप काढतात. सगळे तसे नाहीत, माझा तर घरच्यासारखा आहे." पहिलं वाक्य एकटं कापलंस तर क्लिप पेटेल, व्ह्यूज येतील, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला त्याच्याच दलालाचा फोन जाईल. पाहुणा होस्टवर चिडणार, होस्ट तुझ्यावर, आणि पुढचा पाहुणा मिळायला त्याला जड जाणार. माणसाने बोलताना जी अट घातली, जो अपवाद सांगितला, तो क्लिपमध्ये राहिलाच पाहिजे. दोन तुकडे जोडताना पण तेच, एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही. क्लायंटने सांगितलं तरी नाही म्हण.

आता निवडलेल्या जागा थेट कापायला घेऊ नकोस. आधी एक शीट कर, साधी गुगल शीट चालेल. कुठून सुरू, कुठे संपते, पहिलं वाक्य काय, ही का निवडली हे एका ओळीत, आणि काही शंका असेल तर ती (उदा. "इथे दुसऱ्या व्यापाऱ्याचं नाव येतंय, ठेवू का?"). ८ हव्या असतील तर ११-१२ जागा दे, त्यातल्या ८ वर त्याने टिक करायची. पंधरा मिनिटांचं काम आहे पण याने करेक्शन अर्ध्यावर येतात, कारण क्लायंटच्या नाराजीतला मोठा भाग "ही जागा का घेतली, ती का नाही" हाच असतो, आणि तो तू एडिट करायच्या आधीच मिटवलास. शिवाय पुढे "मला हा भाग नकोच होता" म्हणाला तर शीट आहे, त्यानेच टिक केलेली, मग ती नवीन क्लिप धरून पैसे लावता येतात, भांडण न करता.

वेळेचं ठरवणं इथेच येतं. "४८ तासात देतो" असं मोघम बोलू नको. ४८ तास कधीपासून? तो शूट झाल्यापासून मोजतो, तू फाईल मिळाल्यापासून मोजतोस, आणि फाईल आपल्याकडे यायलाच एक दिवस जातो. आपण कोकणात बसून काम करतोय हे इथे नडतं म्हणून आकडे नीट बघ. ४के मध्ये एका कॅमेऱ्याची १०० एमबीपीएसची कच्ची फाईल, १०० मिनिटांची, ७५ जीबी होते. तीन कॅमेरे म्हणजे २२५ जीबी. तुझं नेट खरोखर ४० च्या स्पीडने सतत चाललं तरी साडेबारा तास, आणि सतत चालत नाहीच. म्हणून कच्च्या फाईली घ्यायच्याच नाहीत. त्याचा एडिटर जो फायनल एपिसोड बनवतो, त्याचा ४के एक्सपोर्ट माग, ४० एमबीपीएसच्या आसपास, ३० जीबी होतो, पावणेदोन तासांत उतरतो, रात्री लावून झोपता येतं. त्यात कॅमेरे आधीच बदललेले असतात हा बोनस. १०८० चा एक्सपोर्ट अजून हलका, पण त्यातून उभं कापलं तर रुंदी फक्त ६०७ पिक्सेल उरते, ती १०८० पर्यंत ताणावी लागते आणि चेहरा मऊ पडतो. ४के मधून कापलं तर १२१५ मिळतात, ताणायचा प्रश्नच नाही. ४के नसेलच त्याच्याकडे तर १०८० वर काम कर, पण क्वालिटी एवढीच येईल हे आधी सांग, नंतर नाही.

एक मागणी आवर्जून कर, एक्सपोर्टमध्ये खालची नावाची पट्टी आणि बॅकग्राउंड म्युझिक नको. पट्टी उभ्या क्रॉपमध्ये अर्धी कापली जाते, आणि म्युझिक असेल तर दोन तुकडे जोडताना ते उडी मारतं, ते लपवता येत नाही.

फाईल आली की पहिल्यांदा तपास. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या पाच मिनिटांत ओठ आणि आवाज जुळतात का बघ. झूमवर किंवा मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या फाईलींचा फ्रेमरेट बऱ्याचदा स्थिर नसतो, सुरुवातीला सगळं ठीक दिसतं आणि तासाभराने आवाज सरकलेला असतो. तसं असेल तर एडिटिंगला घ्यायच्या आधी ffmpeg नावाच्या फुकट टूलने, कमांड लाइनवर, हे चालव:

```
ffmpeg -i episode.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -preset fast -c:a aac -b:a 192k episode_cfr.mp4
```

याने फ्रेमरेट स्थिर होतो आणि बहुतेक वेळा भागतं. यालाही वेळ लागतो, तो तुझ्या वेळेत धरलेला असू दे. फाईल मूळचीच बिघडलेली असेल, ट्रॅकच सरकलेला असेल, तर परत पाठव आणि घड्याळ सुरू झालं नाही असं लिहून कळव.

तर माझी वेळ अशी असते. पूर्ण, चालणारी फाईल मिळाली की मी मेसेज टाकतो "फाईल मिळाली, तपासली, आता ८ वाजले", घड्याळ तिथून सुरू. २४ तासांत शीट. क्लायंटने टिक केल्यावर पुन्हा घड्याळ, त्याच्या टिकपासून ४८ तासांत सगळ्या क्लिप्स, त्यातल्या पहिल्या ३ आधी. म्हणजे शुक्रवारी रात्री ८ ला फाईल आली, शनिवारी रात्री ८ च्या आत शीट गेली, त्याने रविवारी दुपारी १२ ला टिक केलं, तर सोमवारी संध्याकाळी पहिल्या तीन आणि मंगळवारी दुपारी १२ पर्यंत बाकीच्या पाच. त्याने टिक करायला मंगळवार लावला तर आपली डिलिव्हरी पण तेवढीच पुढे जाते, आणि हे आधीच लिहिलेलं असल्यामुळे कुणी कुणाला बोलत नाही. पहिल्या तीन आधी द्यायचं कारण म्हणजे कॅप्शनचा रंग, अक्षराची जागा, क्रॉप याबद्दल त्याचं काही म्हणणं असेल तर ते तीनवरच निघतं, आठही परत कराव्या लागत नाहीत.

करेक्शनचा एक राउंड रेटमध्ये. त्यात शुद्धलेखन, नाव, क्रॉप, दोन-चार सेकंद इकडे-तिकडे. सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवायला सांग, नाहीतर सकाळी एक, दुपारी एक, रात्री झोपताना एक असं चालतं. तीन दिवस उत्तर आलं नाही तर क्लिप्स मंजूर धरायच्या. "आज रात्रीच पायजे" असेल तर दीडपट, आणि तेही हातात वेळ असेल तरच.

आपल्याकडची अडचण जूनपासून. वादळी पाऊस लागला की लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, मग तीन महिने मी २४ चे ३६ आणि ४८ चे ७२ करतो, मे महिन्यातच क्लायंटला कळवून. पुण्या-मुंबईचा माणूस समजून घेतो, फक्त आयत्या वेळी सांगितलेलं तो समजून घेत नाही. इन्व्हर्टर राउटरला जोडलेला असू दे, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला ठेव, ८ क्लिप्सचं अपलोड मोबाईलवरून पण होऊन जातं, एक मिनिटाची क्लिप १०० एमबीच्या आतच बसते. गणपतीत आणि शिमग्यात काम बंद, हे पण आधी सांग. गणपतीच्या आधीच्या एपिसोडमधून चार क्लिप्स जास्त काढून दे, त्या त्याने शेड्युल करून ठेवायच्या, त्याचं चॅनेल चालू राहतं आणि तू निवांत आरतीला.

कॅप्शनबद्दल थोडं, कारण मराठी क्लायंट इथेच पारखतात. जोडाक्षरं नीट येतात का ते आधी तपास, काही सॉफ्टवेअरमध्ये, काही टेक्स्ट टूलमध्ये "र्‍हस्व", "क्षेत्र", "प्रक्रिया" असले शब्द फुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते. एक चाचणीचं वाक्य करून ठेव आणि नवीन फॉन्ट किंवा टूल आलं की पहिलं तेच टाकून बघ. मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, मोबाईलवर ठळक वाचता येतात. एका वेळी स्क्रीनवर तीन-चार शब्द, दोन ओळींपेक्षा जास्त नको. अगदी खाली टाकू नकोस, तिथे चॅनेलचं नाव आणि वर्णन येतं, उजवीकडे लाईक-शेअरची बटणं, म्हणून कॅप्शन मधल्या भागाच्या किंचित खाली. पाहुणा मालवणीत बोलत असेल तर कॅप्शन पण मालवणीतच, "माका काय म्हायत" ला "मला काय माहीत" करू नकोस, कानाला एक आणि डोळ्याला एक असं झालं की माणूस अडखळतो, आणि आपल्या माणसांना ते लागतं सुद्धा. फक्त बाहेरच्यांना अडेल असा एखादाच शब्द असेल तर क्लायंटला विचारून वर बारीक अर्थ टाक. पाहुण्याचं नाव, गावाचं नाव, कंपनीचं नाव हे क्लायंटकडून लिहून घे. "वेंगुर्ले" की "वेंगुर्ला" यावर आठ क्लिप्स परत रेंडर करायला लागतात.

लांबीचं एक. यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांपर्यंत चालतात, म्हणून क्लायंट कधी कधी अडीच मिनिटांची क्लिप मागतो आणि तेवढेच पैसे देतो. त्यामुळे माझा रेट ९० सेकंदांपर्यंतचा असतो, पुढे दीडपट. आणि एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टमध्ये कॉपीराइटवालं गाणं असेल आणि त्यावर क्लेम आला तर तो शॉर्ट ब्लॉक होऊ शकतो, म्हणून गाणं टाकायचा आग्रह असेल तर ते त्याने अॅपमधून स्वतः टाकावं, तू गाण्याशिवाय फाईल दे.

क्लायंट कुठून. मोठ्या चॅनेलच्या मागे लागू नकोस, त्यांच्याकडे टीम असते. १० हजार ते लाखभर सबस्क्रायबर, दर आठवड्याला लांब व्हिडिओ येतो, पण शॉर्ट्सच्या टॅबमध्ये शेवटचा शॉर्ट दोन महिन्यांपूर्वीचा, किंवा आहेत पण आडवा व्हिडिओ वर-खाली काळ्या पट्ट्या लावून टाकलाय, असे शोध. त्यांना गरज आहे हे दिसतंय आणि लांब व्हिडिओ करायची शिस्त आहे, म्हणजे दर आठवड्याला काम आहे. करिअरवर बोलणारे, डॉक्टर, शेअर बाजार शिकवणारे, कीर्तनकार, शेतीवाले, आणि आपले कोकण व्लॉगर. व्लॉगरचं काम मात्र वेगळं धर, तिथे बोलणं कमी आणि दृश्यं जास्त, बघायला जास्त वेळ लागतो. दशावताराच्या रात्रभराच्या रेकॉर्डिंगमधून क्लिप्स काढायला कुणी सांगितलं तर आधी मंडळाची परवानगी आहे का ते विचार, रेकॉर्डिंग करणाऱ्याची परवानगी म्हणजे मंडळाची नव्हे.

निवडलास की त्याच्या ताज्या एपिसोडमधून एकच क्लिप कर. स्वतःच्या पेजवर टाकू नकोस, त्याची परवानगी नाहीये, ड्राइव्हवर ठेवून फक्त त्याला लिंक दे. मेसेज लहान, असा काहीसा:

"नमस्कार, मी देवगडहून व्हिडिओ एडिटिंग करतो. तुमच्या बागायतदारांच्या एपिसोडमध्ये साक्याचा भाग फार चांगला आहे पण तो एक तास सात मिनिटांनी येतो, तिथपर्यंत बरेच जण पोचत नसतील. त्याची ५० सेकंदांची उभी क्लिप करून पाहिली, लिंक खाली आहे, आवडली तर तुम्हीच वापरा. याच एपिसोडमध्ये अजून सात जागा दिसल्यात, हव्या असतील तर वेळा पाठवतो."

यात तू एपिसोड शेवटपर्यंत बघितलायस हे दिसतं, उत्तर त्यामुळे येतं. रेट पहिल्या मेसेजमध्ये नको, विचारल्यावर लगेच सांग, तेव्हा आढेवेढे नको. चार-पाच दिवसांनी एकदा आठवण, मग सोडून दे. फुकट एकच क्लिप. "आधी पाच सँपल करून दाखव, मग बघू" म्हणणाऱ्याला पाच क्लिप्स फुकट पाहिजे असतात. त्याला नमस्कार सांग.

व्ह्यूजवर पैसे देणाऱ्या कॅम्पेन दिसतील, हजार व्ह्यूजला अमुक डॉलर. शिकायला कर एखादी, पण त्याच्यावर घर चालवू नकोस, बजेट संपलं की तुझी चालणारी क्लिप पण तशीच राहते, आणि रेट तू ठरवत नाहीस.

पैशाचं, पहिल्या एपिसोडला निम्मे आधी यूपीआयवर, निम्मे क्लिप्स पोचल्यावर. शीट मंजूर झाल्यावर आधीचे निम्मे आले की एडिट सुरू. ओळख झाली की महिन्याचे चार एपिसोड धरून ११,६०० आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेला, असं कर. त्यात न वापरलेला एपिसोड पुढच्या महिन्यात ढकलायचा असेल तर एकच, नाहीतर दिवाळीनंतर सहा एपिसोड एकदम येतात. आणि सुरुवातीला आठवड्याला दोनच एपिसोड घे, २२ तास होतात, शिवाय क्लायंट शोधायचं काम आहेच.

तुझ्या त्या १५० वाल्याला आज असं लिही: "एपिसोड किती मोठा आहे, क्लिप्स किती हव्यात आणि कॅप्शन कशा हव्यात ते कळवा, एक तासापर्यंतच्या एपिसोडला निवडीचे ४०० आणि क्लिपचे २००, कमीत कमी ५ क्लिप्स." ५ क्लिप्सचे १४०० होतात, त्याच्या रेटने ७५० होत होते. तो हो म्हणाला तर निम्मे घेऊन सुरू कर, घासाघीस केली तर क्लिप्स कमी कर किंवा कॅप्शन साध्या कर, निवडीचे ४०० मात्र कमी करू नकोस.